जिवंत मुलासाठी आईचा विलाप

एकोणिसाव्या शतकात आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या खेड्यांत कुणाचा मुलगा कामासाठी अमेरिकेला निघाला, की आदल्या रात्री त्याच्या घरी सारं गाव जमायचं. चहा, पाव, लोणी, बटाटे, जमलं तर घरगुती दारू, एखादा फिडल वाजवणारा आणि पहाटेपर्यंत नाच. या रात्रीला लोक ‘अमेरिकन वेक’ म्हणत. तिकडे माणूस वारला की नातेवाईक आणि शेजारी प्रेताजवळ रात्रभर जागत बसत, त्या जागरणाला वेक म्हणतात. इथे मात्र ज्याच्यासाठी जागायचं तो धडधाकट, वीस-बावीस वर्षांचा, नवे बूट घालून समोर नाचत असायचा.

असं नाव पडायला कारण होतं. शिडाच्या जहाजाने अटलांटिक ओलांडायला पाच-सहा आठवडे लागत, तिकिटाचे पैसे जमवता जमवता घर मेटाकुटीला येई आणि गेलेल्यांपैकी फार थोडे परत येत. घरच्यांच्या दृष्टीने मुलगा पुन्हा दिसणारच नव्हता. १८४५ नंतरच्या दुष्काळात बटाट्याचं पीक सडलं, दहा लाखांवर माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. त्या भयंकर वर्षांत बऱ्याच घरांत निरोपाची रात्रही झाली नाही, कारण पाहुण्यांपुढे ठेवायला घरात काही नव्हतं. पुढे गावं जरा सावरली तशी ही प्रथा पुन्हा भरात आली.

रात्रीचा पहिला भाग तरुणांचा. नाच, गाणी, थट्टामस्करी. वडीलधारे चुलीभोवती बसून आधी गेलेल्यांच्या आठवणी काढत, अमेरिकेतल्या कुठल्या शहरात कुणाचा भाऊ आहे, कोण काम लावून देईल, याची चर्चा चाले. मुलगा एकेका घरच्या माणसापाशी जाऊन बोलून येई. उजाडायला लागलं, फिडल थांबलं, की मग आई पुढे यायची.

तिच्या बोलण्यात दोन तऱ्हा असत. एक साधी, कुठल्याही आईची: पत्र पाठव, रविवारी चर्चला जा, रात्री प्रार्थना चुकवू नकोस, बहीण तिथे आहे तिला सांभाळ. असं बोलताना ती त्याच्या अंगावर पवित्र पाणी शिंपडे. दुसरी तऱ्हा होती विलापाची. आपल्याकडे खेड्यापाड्यांत मयताच्या घरी बाया त्याचे गुण सांगत, त्याला नावाने हाका मारत हेल काढून रडतात. आयर्लंडमध्येही तसाच पिढ्यानपिढ्या चालत आलेला विलाप होता, त्याला ‘कीन’ म्हणत. त्याची घडण ठरलेली असे: आधी मृताला उद्देशून हाक, मग त्याच्या घराण्याचं आणि स्वभावाचं कौतुक, त्याच्यामागे घराची काय दशा होणार त्याचं वर्णन, आणि शेवटी साऱ्या बायकांनी मिळून फोडलेला हंबरडा. निरोपाच्या पहाटे आई हाच विलाप जित्याजागत्या मुलाला मिठी मारून करायची. कधी गावातली विलापात मुरलेली म्हातारी सूर धरी आणि आई तिच्यात आपला आवाज मिसळे. चर्चचे पाद्री असल्या विलापावर आणि त्या रात्रीच्या दारूवर नाराज असत, तरी प्रथा चालू राहिली.

हे दुःख खरंच होतं, पण नुसतं दुःख नव्हतं. केर्बी मिलर या अमेरिकी इतिहासकाराने आयरिश स्थलांतरितांची हजारो पत्रं वाचून १९८५ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. या रात्रीकडे बघण्याची त्याची दृष्टी मला पटते. दुष्काळानंतर जमिनीचे तुकडे पाडणं शेतकऱ्यांनी थांबवलं होतं. सहा मुलं असली तर जमीन एकाला, एखाद्या मुलीच्या लग्नाची तजवीज, आणि बाकीच्यांनी बाहेरची वाट धरायची. म्हणजे मुलाला घराचीच गरज बाहेर धाडत होती. पण विलापात हे कुठेच येत नसे. तिथे आई एकच विचारी: आम्हाला टाकून चाललास का? म्हातारपणी आम्ही कुणाच्या तोंडाकडे पाहायचं?

असं ऐकून घराबाहेर पडलेला मुलगा जन्मभर एक ओझं घेऊन जगे. न्यूयॉर्कच्या गोदीवर किंवा बोस्टनच्या एखाद्या बांधकामावर पहिला पगार हातात पडला, की त्यातले पैसे घरी जात. त्या पैशांतून जमिनीचा खंड भागे, दुकानाची उधारी फिटे आणि धाकट्या भावंडाचं तिकीट निघे. दुसरं भावंड गेलं की तेही तिसऱ्यासाठी पाठवी. नाताळच्या सुमाराला अमेरिकेहून येणाऱ्या पाकिटाची सारं गाव वाट पाही आणि ज्याच्या घरी ते येत नसे तिथल्या आईला शेजाऱ्यांपुढे मान खाली घालावी लागे. आई हे सारं हिशेब मांडून करत होती असं म्हणणं अन्यायाचं होईल. मुलगा उपाशी राहू नये म्हणून तिने त्याला जाऊ दिलं, आणि तो विसरेल या भीतीने ती रडली. दोन्ही गोष्टी एकाच पहाटेच्या.

उजाडल्यावर गावकरी त्याला पोचवायला निघत. डोनेगल भागात डेरी बंदराकडे पायी जाणाऱ्यांसोबत घरचे मकिश डोंगराच्या खिंडीतल्या एका दगडी पुलापर्यंत येत आणि तिथून मागे फिरत. मुलगा एकटा पुढे चालू लागे. हा छोटा पूल अजून आहे आणि त्याचं नावच ‘अश्रूंचा पूल’ आहे.

आईच्या बाजूने ही गोष्ट सांगणारी एक स्त्री आयर्लंडमध्ये प्रसिद्ध आहे, पेग सेयर्स. तिचा जन्म १८७३ चा. तरुणपणी ती स्वतःच अमेरिकेला जाणार होती. पुढे गेलेली मैत्रीण तिकिटाचे पैसे पाठवणार होती, पण तिच्या हाताला इजा झाली, पैसे आले नाहीत आणि पेग लग्न करून ग्रेट ब्लास्केट नावाच्या बेटावर आली. बेटावरचं जगणं फार कठीण. १९२० मध्ये तिचा मुलगा टोमास कड्यावरून पडून गेला. उरलेली मुलं एकामागून एक अमेरिकेला गेली. ब्लास्केटचे बरेच लोक मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्ड शहरात स्थिरावले होते, म्हणजे बेटावरचं निम्मं गाव जणू तिकडेच भरत होतं. दर वेळी तिला एकाच घरातून, त्याच दारातून निरोप द्यावा लागला, आणि प्रत्येक निरोपाबरोबर बोलायला घरात माणूस कमी होत गेलं.

मिहाल हा तिचा एक मुलगा मात्र अमेरिकेहून परत आला. पेग कथा सांगण्यात अतिशय तरबेज होती, पण तिला आयरिश लिहिता येत नव्हतं. तिने सांगायचं आणि मिहालने उतरवून घ्यायचं, असं करत तिची आत्मकथा तयार झाली. ती १९३६ मध्ये छापली गेली आणि पुढे कित्येक वर्षं आयरिश शाळांत अभ्यासाला होती.

तोवर निरोपाच्या या रात्री विरळ होऊ लागल्या होत्या. वाफेच्या जहाजांनी प्रवास आठवडा-दहा दिवसांवर आणला होता. विसाव्या शतकात बरेच तरुण अमेरिकेऐवजी शेजारच्या इंग्लंडला जाऊ लागले, तिथून सुट्टीत घरी येता येई. १९५५ मध्ये आयरिश लोककथा आयोगाने देशभर प्रश्नावली धाडून या रात्रींच्या आठवणी गोळा केल्या, तेव्हा लहानपणी त्या पाहिलेली म्हातारी माणसं हयात होती. नाच कोणते होते, खायला काय होतं, मुलाला कुठपर्यंत पोचवलं, हे ती सांगत, आणि आई कशी रडली तेही.