वर्धेच्या पुराचा वेग, मोजक्या नोंदींतून

घुग्घुसजवळ वर्धा चढू लागली की पातळी किती आहे याइतकेच ती किती वेगाने वाढते आहे हेही कळायला हवे. पुढची आणि मागची पातळी घेऊन त्यांतला फरक मधल्या वेळेने भागला की वेग मिळतो. नोंदी विरळ असल्या की हा आकडा चुकतो, पण चूक शिस्तीत असते. दोन्ही बाजू सारख्या अंतरावर असल्याने ती अंतराच्या वर्गानुसार बदलते. अंतर निम्मे केले की चूक साधारण चौथाई होते. लुईस फ्राय रिचर्डसनने 1911 मध्ये दगडी धरणातील ताणांवरच्या लेखात याच शिस्तीचा उपयोग केला.

समजा सहा तासांना एक एकक मानले आणि पातळी मीटरमध्ये eᵗ प्रमाणे चढते आहे. t = 0 ला खरा वेग 1. सहा तासांच्या अंतराने 1.1752 येतो, तीन तासांच्या अंतराने 1.0422. लहान अंतराच्या उत्तराची चौपट घ्या, मोठ्याचे वजा करा, तीनने भागा:

(4 × 1.0422 − 1.1752) / 3 ≈ 0.9979

चार टक्क्यांची चूक पाव टक्क्याच्या आत आली, तीही नवी नोंद न घेता. उरलेली चूक आता अंतराच्या चौथ्या घातानुसार घटते.

मात्र प्रत्येक वाचनात एक सेंटिमीटरची चूक असेल, तर या वेगात ती दर सहा तासांना तीन सेंटिमीटरपर्यंत वाढू शकते. साध्या तीन तासी सूत्रात दोनपर्यंत. शिवाय वरच्या धरणाचे दरवाजे अचानक उघडले, तर वक्राला कोपरा पडतो आणि शिस्तच मोडते. ते ओळखायला दीड तासाचेही उत्तर काढावे: लागोपाठच्या फरकांचे गुणोत्तर चारच्या आसपास नसेल, तर हे सूत्र वापरू नये.