अत्तराच्या आड न लपणारा गंध

उमरा करून परतताना मुंबईच्या विमानतळावर आम्ही सामानाची वाट पाहत उभे होतो. पट्ट्यावरून बॅगा येत होत्या आणि एक जवान काळ्या लॅब्रॅडॉर कुत्र्याला दोरीने धरून त्यांच्या बाजूने चालत होता. आमच्या बॅगेत खजूर, जमजमचे पाणी, जानमाज आणि अत्तराच्या सात-आठ कुप्या होत्या. कुत्र्याने नाक अगदी बॅगेला लागेल इतके जवळ नेले, दोन-तीनदा भराभर हुंगले आणि तो पुढे गेला.

अम्मींचा जीव मात्र खालीवर झाला. कुत्र्याचे ओले नाक बॅगेला लागले की काय, ही त्यांची काळजी. घरी पोहोचल्यावर त्यांनी आधी बॅग बाहेरून धुऊन काढली. आमच्या दहा वर्षांच्या भाच्याचा प्रश्न वेगळाच होता. "दादी, आपल्या बॅगेला एवढा अत्तराचा वास येत होता, मग त्याला दुसरा कसला वास कळणार? आणि त्याचं नाक ओलं का असतं?" अम्मींनी आमच्याकडे पाहिले. नीट उत्तर आमच्याजवळही नव्हते. म्हणून आम्ही ते शोधायला बसलो.

पहिली गोष्ट अशी कळली की कुत्रा हुंगतो तेव्हा तो नुसता श्वास घेत नसतो. हुंगणे हे वेगळे काम आहे. एका सेकंदात साधारण पाच वेळा तो हवा आत ओढतो आणि बाहेर सोडतो. अमेरिकेतील पेनसिल्वेनिया स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी एका मृत लॅब्रॅडॉरच्या डोक्याचे एमआरआय काढून नाकाच्या आतल्या सगळ्या वाटांचा नकाशा तयार केला आणि त्यातून हवा कशी वाहते याचे गणित संगणकावर मांडले. ते 2010 साली प्रसिद्ध झाले. त्या नकाशावरून एका हुंगण्याचा प्रवास पाहू.

नाकपुडीतून आत शिरलेली हवा थोड्याच अंतरावर दोन वाटांनी जाते. बहुतेक हवा खालच्या वाटेने घशाकडे आणि पुढे फुप्फुसात जाते. शंभरातला बारा-तेरा भाग मात्र वरच्या अरुंद वाटेने थेट नाकाच्या मागच्या टोकाला, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध असलेल्या एका कप्प्यात पोहोचतो. वास ओळखण्याचे मुख्य काम तिथे होते. कप्प्याच्या खाली हाडाची एक पातळ फळी असते. ती त्याला श्वासाच्या वाटेपासून वेगळे ठेवते.

या फळीचा फायदा श्वास सोडताना होतो. फुप्फुसातून परत येणारी हवा फळीच्या खालून निघून जाते, वरच्या कप्प्यातली हवा जवळजवळ स्थिर राहते. आत आलेल्या गंधाला तिथे टिकायला वेळ मिळतो आणि पुढच्या हुंगण्यात त्यात नवी भर पडते. माणसाच्या नाकात असा वेगळा कप्पा नाही. आपली वास ओळखणारी जागा नाकाच्या छताजवळ, श्वासाच्या वाटेलाच लागून असते. त्यामुळे गंध आला तसा पुढच्या उच्छ्वासाबरोबर निघून जातो.

कप्प्याच्या आत पातळ हाडांचे पापुद्रे असतात, लच्छा पराठ्याच्या पदरांसारखे एकावर एक गुंडाळलेले. त्यांच्यावर वास ओळखणाऱ्या पेशींचा पडदा पसरलेला असतो. पदर जितके जास्त, तितकी थोड्या जागेत मावणारी पडद्याची लांबी-रुंदी जास्त. माणसात हा पडदा टपाल तिकिटाएवढा, जेमतेम 5 चौरस सेंटिमीटर भरतो. जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या कुत्र्यात तो 150 चौरस सेंटिमीटरच्या वर जातो.

आता भाच्याच्या ओलेपणाच्या प्रश्नाकडे येऊ. या पडद्यावर सतत पातळ चिकट द्रवाचा थर असतो. गंधाचे कण आधी या द्रवात विरघळतात, मगच पेशींपर्यंत पोहोचतात. पडदा कोरडा पडला तर हवेत वास असूनही तो कळत नाही. नाकाचा बाहेरचा शेंडा कुत्रा जिभेने चाटून ओला ठेवतो आणि त्या ओलाव्याला गंधाचे कण चिकटतात. म्हणजे अम्मींना ज्याची चिंता वाटली, तो ओलावा त्या कुत्र्याच्या कामाचाच भाग होता.

नाक इतके जवळ न्यायचे कारणही समजले. नाकपुडी फार लांबची हवा ओढू शकत नाही, अगदी समोरची तेवढीच ओढते. डावी नाकपुडी डावीकडची आणि उजवी उजवीकडची. त्यामुळे गंध कोणत्या बाजूने जास्त येतो हेही कुत्र्याला कळते. नाकपुड्यांच्या बाजूला दोन चिरा असतात. आपण एखाद्या वस्तूवर नाक ठेवून श्वास सोडला तर आपलाच श्वास तिच्यावर आदळून वास उधळून लावतो. कुत्र्याचा उच्छ्वास या चिरांतून बाजूला आणि मागे जातो, आणि जाता जाता समोरची ताजी हवा नाकाकडे ओढून आणतो.

मग अत्तराचे काय? कुत्र्याच्या नाकात गंध पकडणाऱ्या ग्राहकांचे सुमारे 800 प्रकार असतात, माणसात जवळपास 400. प्रत्येक पदार्थ त्यातले ठरावीक ग्राहक जागे करतो आणि त्या सगळ्यांची मिळून एक नक्षी मेंदूला कळते. शिवाय द्रवात सहज विरघळणारे कण नाकात पुढेच अडकतात आणि कमी विरघळणारे मागपर्यंत जातात. म्हणून मिश्रणातले वेगवेगळे गंध वेगवेगळ्या जागी उतरत असावेत, असे संशोधकांना वाटते. गुलाबाचे अत्तर आपली नक्षी उमटवते, पण शिकवलेल्या गंधाची नक्षी पुसून टाकत नाही. आपण बिर्याणी शिजताना "आज बिर्याणी" म्हणतो. कुत्र्याला त्यातली लवंग, तमालपत्र आणि केशर वेगळे कळते म्हणा ना.

हे किती बारीक असते? 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोन कुत्र्यांना केळ्यासारखा वास असलेले एक रसायन ओळखायला शिकवले होते. एक लाख कोटी भाग हवेत त्याचे एक-दोन भाग असले तरी ते त्यांना कळले.

पण या नाकालाही मर्यादा आहेत. कुत्र्याला घाम येऊन अंग थंड करता येत नाही, तो तोंड उघडून धापा टाकतो. धापा टाकणे आणि हुंगणे ही दोन्ही कामे एकाच वेळी नीट होत नाहीत. जीभ बाहेर लोंबणारा कुत्रा बॅगांजवळून नुसता चालत गेला, तर त्याने त्या तपासल्या असे समजू नये. त्याला सावलीत बसवून पाणी पाजले आणि तोंड मिटले, की नाक पुन्हा कामाला लागते. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यात तर आतल्या पदरांना जागाच कमी उरते.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची. नाक गंध सांगते, वस्तू सांगत नाही. बॅगेत आधी ठेवलेली चीज काढून घेतली तरी तिचा गंध कापडात मागे राहू शकतो, आणि कुत्रा तिथे थांबला तर तो चुकला असे म्हणता येत नाही. म्हणून कुत्रा थांबला की अधिकाऱ्याला बॅग उघडून पाहावीच लागते. नुसत्या थांबण्यावरून कोणाला गुन्हेगार ठरवता येत नाही.

हे सगळे सांगितल्यावर भाच्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "म्हणजे दादी, त्याला आपले खजूर, जमजम, अत्तर सगळं कळलं, फक्त त्याला हवं होतं ते आपल्याकडे नव्हतं." अम्मी हसल्या. बॅग मात्र धुतली ते बरेच केले, असे त्यांचे म्हणणे कायम आहे.