'हो' म्हटलं की वस्तू फुकट? प्रॉडक्ट टेस्टसाठी माणसं निवडणारी प्रश्नावली कशी लिहितात

व्हॉट्सअ‍ॅपवर एखादा मेसेज येतो. "भांडी घासायच्या नव्या लिक्विडची चाचणी आहे. तुम्ही सध्या भांडी घासायला साबणाची वडी वापरता का? वापरत असाल तर फॉर्म भरा, दोन आठवड्यांसाठी बाटली मोफत आणि वर मानधन."

आता सांगा, यावर "नाही" कोण म्हणेल?

ज्यांच्या घरी वर्षभर वडी आलेली नाही, तेही "हो" वर टिक करतील. त्यात फार मोठी लबाडी आहे असंही नाही. प्रश्नानेच उत्तर हातात दिलंय. मग कंपनी दोन आठवड्यांनी विचारते, "वडीपेक्षा हे बरं वाटलं का?" आणि निम्मे लोक मनानेच काहीतरी सांगतात. अशा उत्तरांवर बाटलीचा वास, फेस, किंमत ठरते.

हे टाळण्यासाठी चाचणीच्या आधी एक छोटी प्रश्नावली असते. बाजार संशोधनात तिला 'स्क्रीनर' म्हणतात. तिचं काम चाळणीचं. हवा तो माणूस आत घ्यायचा, नको तो बाहेर ठेवायचा, आणि कुणाला घेतोय हे समोरच्याला कळू द्यायचं नाही.

आधी ठरवा, माणूस कोणता हवा

आपलं लिक्विडचं उदाहरणच घेऊ. कंपनीला हवेत वडी वापरणारे, जे पुढे लिक्विडकडे वळू शकतात. वाक्य सोपं आहे, पण शहरातल्या घरात ते लगेच अडकतं. अनेक घरांत वडी विकत आणते घरातली बाई किंवा बाप्या, आणि भांडी घासतात कामाला येणाऱ्या ताई. मग 'वडी वापरणारं' कोण? वास आवडला का, हे आणणारा सांगेल. हात कोरडे पडतात का, चिकट कढई निघते का, हे घासणाराच सांगेल.

म्हणून प्रश्न लिहायच्या आधी कागदावर अटी लिहितात. समजा या चाचणीसाठी त्या अशा ठरल्या: आठवड्यातले निदान पाच दिवस स्वतःच्या हाताने भांडी घासणारी व्यक्ती, गेल्या सात दिवसांत जास्त वेळा वडीच वापरलेली, आणि घरात कोणती वडी आणायची हे स्वतः ठरवणारी. हा कागद प्रश्नावली लिहिणाऱ्याकडे राहतो. उत्तर देणाऱ्याला तो कधीच दिसत नाही.

मग प्रश्न विचारायचा कसा?

पहिली गोष्ट म्हणजे हो-नाही टाळायचं. सुरुवात लांबून करायची: "तुमच्या घरी पुढची कामं बहुतेक वेळा कोण करतं?" खाली कामं: स्वयंपाक, कपडे धुणं, भांडी घासणं, फरशी पुसणं, भाजी आणणं. प्रत्येकापुढे पर्याय: मी स्वतः, घरातलं दुसरं कुणी, पगारी मदतनीस. आपल्याला रस फक्त एका ओळीत आहे, पण वाचणाऱ्याला ते कळायला मार्ग नाही.

दुसरा प्रश्न: "गेल्या सात दिवसांत भांडी किती दिवस तुम्ही स्वतः घासलीत?" पर्याय: एकही नाही, 1-2, 3-4, 5-6, रोज. अट पाच दिवसांची आहे, पण "पाच किंवा जास्त" असा पर्याय लिहिला की सीमारेषा उघडी पडते. म्हणून रेषेच्या दोन्ही बाजूंना पुरेसे पर्याय ठेवायचे. आणि "साधारणपणे किती वेळा?" न विचारता "गेल्या सात दिवसांत" विचारायचं. 'साधारणपणे' म्हटलं की माणूस स्वतःला कसं दाखवायचंय ते सांगतो, ठरावीक दिवस दिले की आठवायला लागतो.

तिसरा: "या सात दिवसांत भांड्यांसाठी यातलं काय काय वापरलंत?" वडी, लिक्विड, पावडर, राख, यापैकी काही नाही. त्यानंतर वेगळा प्रश्न, "सगळ्यात जास्त वेळा काय?" ऑनलाइन फॉर्म असेल तर पर्यायांचा क्रम प्रत्येकासाठी बदलता ठेवतात, कारण वरच्या पर्यायावर बोट आधी जातं.

मग एक मोकळा प्रश्न, पर्याय न देता: "शेवटची वडी कोणती घेतलीत आणि साधारण कितीला?" खरोखर विकत आणणारा झटकन सांगतो. बाकीचे "ती हिरवी, नेहमीची" असं काहीतरी लिहितात. प्रत्यक्ष भेट असेल तर मुलाखत घेणारा "वडी दाखवता का?" असंही विचारतो. माझ्या मते अख्ख्या प्रश्नावलीतला हा सगळ्यात कामाचा प्रश्न.

काही जण ब्रँडच्या यादीत एक अस्तित्वात नसलेलं नावही घालतात. ते "वापरतो" म्हणणारा संशयित. पण नाव खऱ्या ब्रँडसारखं वाटणारं असेल तर प्रामाणिक माणूसही फसतो, त्यामुळे तेवढ्यावरून कुणाला वगळू नये.

उत्पन्नाचंही तसंच. "महिन्याचं उत्पन्न किती?" विचारलं की आकडा हवा तसा वर-खाली होतो. भारतात 2011 मध्ये आलेली 'एनसीसीएस' ही वर्गवारी म्हणूनच उत्पन्न विचारत नाही. घरातल्या मुख्य कमावत्या व्यक्तीचं शिक्षण आणि ठरलेल्या 11 गोष्टींपैकी घरात किती आहेत, यावरून ती गट ठरवते.

बाहेर काढायचं, पण कळू न देता

समजा कुणी "लिक्विड" म्हटलं आणि फॉर्म तिथेच "धन्यवाद" म्हणून बंद झाला. तो माणूस काय करेल? दुसऱ्या नंबरवरून पुन्हा भरेल आणि यावेळी "वडी" म्हणेल. सोसायटीच्या ग्रुपवर टाकेल ते वेगळंच. म्हणून अपात्र ठरल्यावरही आणखी दोन-तीन प्रश्न विचारून मग निरोप देतात. त्याहून जास्त ताणू नये, समोरच्याचा वेळ फुकट जातो. ऑनलाइन फॉर्ममध्ये मागे जायचं बटण बंद ठेवतात. आणि फॉर्मचं नाव 'भांडी लिक्विड चाचणी' नाही, 'घरकामाविषयी काही प्रश्न' असं असतं.

जाहिरात, बाजार संशोधन किंवा साबण-डिटर्जंटच्या धंद्यात घरातलं कुणी आहे का, आणि गेल्या सहा महिन्यांत अशा चाचणीत भाग घेतला होता का, हेही विचारतात. इथेही इतर धंदे यादीत मिसळून.

एक गोष्ट मात्र लपवायची नाही. हाताला त्वचेचा त्रास किंवा एखाद्या घटकाची अ‍ॅलर्जी आहे का, हे थेट विचारायचं. निवड झाल्यावर वस्तू कोणती, त्यात काय आहे, हे सांगून संमती घ्यायची.

गळती झाली हे कसं ओळखायचं?

आकड्यांवरून. समजा 120 माणसं हवीत आणि पहिल्या दोन दिवसांत 100 जणांना विचारल्यावर 25 पात्र ठरले. म्हणजे दर चारातला एक, आणि एकूण साधारण 480 जणांना विचारावं लागेल. तिसऱ्या दिवशी एकाच मुलाखतकाराकडे 20 पैकी 15 पात्र निघाले, तर थांबायचं. बहुधा तो भाग खरोखर वेगळा नसतो. पात्र माणसामागे पैसे मिळत असल्याने "वडी म्हणा हं, ताई" असं कुणीतरी सुचवलेलं असतं. अशा वेळी दुसरी व्यक्ती त्यातल्या काही जणांना फोन करून तेच दोन-तीन प्रश्न वेगळ्या क्रमाने विचारते. उत्तरं जुळली नाहीत तर त्या 15 जणांना बाटली पाठवत नाहीत.

उलटही होतं. अटी इतक्या घट्ट केल्या की 100 मागे दोनच पात्र ठरतात. मग खर्च वाढतो, मुलाखतकारावर दबाव येतो, आणि सुचवासुचवी तिथूनच सुरू होते. अशा वेळी प्रश्न आणखी अवघड करण्यापेक्षा अटींच्या कागदाकडे परत जाऊन एखादी अट सोडता येते का ते पाहतात. आपल्या उदाहरणात पाचऐवजी तीन दिवस घासणारी व्यक्ती चालली असती का? फेस आणि वासाबद्दल सांगायला बहुधा चालली असती, हात कोरडे पडतात का हे सांगायला नाही.