फोटो खरा, फोटोओळ खोटी

२२ जुलै २०२१ चा दिवस. वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले होते आणि आमच्या बेळगावच्या डेस्कवर कोकण आवृत्तीचे पहिले पान अजून लागायचे होते. मी तेव्हा रात्रपाळीचा प्रमुख होतो. दहाच्या सुमारास एका तरुण उपसंपादकाने मोबाइल माझ्यापुढे धरला. पुराच्या पाण्यात बुडालेले घर आणि त्याच्या छपरावर निवांत पसरलेली मगर. खाली ओळ होती, ‘चिपळूण, आत्ताचा व्हिडिओ’. वाशिष्ठीत मगरी आहेत हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे कुणालाच त्यात खटकण्यासारखे काही दिसले नाही. “सर, पहिल्या पानावर चार कॉलम घेऊ या,” तो म्हणाला.

मला मात्र ती मगर ओळखीची वाटली. दोन वर्षांपूर्वी, ऑगस्ट २०१९ मध्ये, कृष्णेच्या महापुरात आमच्याच जिल्ह्यातल्या रायबाग तालुक्यातून अशीच एक चित्रफीत आली होती. गंमत अशी, की त्या वेळी आम्ही ती पहिल्या दिवशी बाजूला ठेवली होती, कारण छपरावर मगर ही गोष्ट कुणालाच पटेना. ती खरी निघाली आणि वृत्तसंस्थेने ती देशभर पोहोचवली. २०१९ मध्ये खरी गोष्ट आम्हाला अशक्य वाटली आणि २०२१ मध्ये खोटा दावा अगदी स्वाभाविक वाटला. ‘असे घडू शकते का?’ हा प्रश्न दोन्ही वेळा आम्हाला चुकीच्या दिशेला घेऊन गेला. तेव्हापासून पडताळणीच्या वेळी मी तो प्रश्न सुरुवातीला विचारतच नाही.

त्याऐवजी मी चित्र आणि ओळ वेगळी करतो. व्हायरल मजकुरात या दोन गोष्टी एकमेकींना चिकटून येतात, म्हणून आपण त्यांचा निकाल एकदमच लावू पाहतो. चित्र बनावट आहे का, हा एक प्रश्न. ओळीत सांगितलेले ठिकाण आणि वेळ बरोबर आहे का, हा दुसरा. मोठ्या बातमीच्या गदारोळात माझ्यासमोर आलेल्या खोट्या गोष्टींपैकी बहुतेकांत चित्राला कुणी हातही लावलेला नव्हता. जुने खरे चित्र उचलायचे आणि त्याखाली आजची ओळ लिहायची, याला ना कौशल्य लागते ना वेळ. त्यामुळे चित्रात जोडकाम कुठे दिसते का, हे भिंग लावून शोधण्यात डेस्कची जी अर्धी रात्र जाते, ती बहुधा वाया जाते.

जुन्या चित्राचा माग काढायचा तर ते याआधी कुठे दिसले होते हे शोधावे लागते. चित्रफितीचा शोध थेट घेता येत नाही, म्हणून आम्ही ती थांबवून तीन ठिकाणची स्थिरचित्रे काढली. त्यांवर कुणीतरी छापलेली अक्षरे आणि बोधचिन्हे होती, ती कापून टाकली. नाहीतर शोधयंत्र मगर सोडून अक्षरांच्याच मागे लागते. मग तिन्ही चित्रे गूगल लेन्स, यांडेक्स आणि टिनआयला दिली. तिघांचे निकाल सारखे येत नाहीत. टिनआयमध्ये सर्वांत जुने आधी अशी रचना करता येते, म्हणून तो मला जवळचा. शिवाय साध्या शोधातही तारखेची अट घालता येते:

```
crocodile roof flood Belagavi before:2021-07-01
```

पाच-सात मिनिटांत ऑगस्ट २०१९ च्या बातम्या समोर आल्या. इथे थांबायचा मोह होतो, पण ‘तशीच मगर’ आणि ‘तीच मगर’ यांत फरक आहे. जुनी चित्रफीत उघडून छपराची कड, मगरीच्या शरीराचा कोन आणि कॅमेरा हलतो तो क्षण शेजारी शेजारी ठेवून पाहिला. सगळे जुळले. मगर रायबागचीच होती. चार कॉलम रिकामे झाले आणि तो उपसंपादक माझ्यावर थोडा रागावलाही.

या शोधाची ताकद एकाच दिशेने चालते, हे वर्गात शिकवताना मला पुन्हा पुन्हा सांगावे लागते. २०१९ मधले पान सापडले, तर चित्र २०२१ चे नाही हे पक्के होते. काहीच सापडले नाही, तर काहीच सिद्ध होत नाही. ते चित्र नवे असेल, किंवा इतकी वर्षे कुणाच्या तरी बंद गटात पडून असेल, किंवा आरशासारखे उलटे करून फिरवले असेल. (उलटे केल्याचा संशय आला, तर पाटीवरची अक्षरे बघावीत आणि चित्र पुन्हा सुलटे करून शोधावे.) ‘शोधले, पण काही मिळाले नाही, म्हणजे ताजे आहे’ हे वाक्य मी भल्या अनुभवी सहकाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे.

दुसरा असाच फसवा पुरावा फाइलच्या नावात असतो. त्याच रात्री एका वार्ताहराने ठामपणे सांगितले, की आपला फोटो आजचाच आहे, कारण नावातच तारीख आहे. नाव होते `IMG-20210722-WA0014.jpg`. ही तारीख व्हॉट्सअ‍ॅपने दिलेली असते आणि फोटो फोनमध्ये कधी आला एवढेच ती सांगते. दहा वर्षांपूर्वीचा फोटो आज पाठवला, तरी नाव आजचे पडते. कॅमेऱ्याने फोटोच्या पोटात नोंदवलेली मूळ वेळ आणि जागा फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला की गळून पडते. ती हवी असेल, तर ज्याने फोटो काढला त्यालाच तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे लागते. आणि फोनचे घड्याळ चुकीचे असेल, तर ती वेळही चुकतेच.

ओळ बदलल्याने काय होते, हे धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्याने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. त्या काळात मुले पळवणाऱ्या टोळीचा पुरावा म्हणून देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक कराचीतली होती. हरवणाऱ्या मुलांविषयी जागृती करण्यासाठी एका संस्थेने ती अभिनय करवून तयार केली होती. मूळ फितीच्या शेवटी मोटारसायकलस्वार मुलाला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. फिरणाऱ्या फितीतून तेवढाच शेवट कापलेला होता. ओळीने फेकलेल्या मुलांच्या मृतदेहांचा जो फोटो सोबत फिरत होता, तो सीरियातल्या घौटा इथल्या ऑगस्ट २०१३ च्या विषारी वायूहल्ल्याचा होता. मृत मुलांचा फोटो बनावट नव्हता आणि चित्रफीतही, शेवट सोडला तर, जशी चित्रित झाली तशीच होती. खोटी होती ती खालची मराठी आणि हिंदी वाक्ये. म्हणून चित्रफीत हाती आली की ती कुठे सुरू होते आणि कुठे तुटते हे मी आधी बघतो. अचानक संपणाऱ्या फितीचा लांब अवतार कुठेतरी असतो, हे धरून चालावे.

मगरीनंतर अर्ध्या तासाने दुसरी चित्रफीत आली. एका गल्लीत पहिल्या मजल्याच्या जवळ आलेले गढूळ पाणी, वरून चित्रण, आणि चित्रण करणाऱ्याचा कापरा आवाज. याचा शोध कुठेच लागला नाही. आता दुसऱ्या मार्गाने जाणे भाग होते. आवाजात एक वाक्य स्पष्ट होते, “पाण्यानं सगळं नेलान.” ‘नेलान’, ‘केलान’ ही रूपे रत्नागिरीकडची, आमच्याकडच्या माणसाने ‘पाणी चढायलंय’ म्हटले असते. या वार्षिकाच्या वाचकांना हे सांगायला नको, पण बोली हा पडताळणीतला एक चांगला धागा आहे आणि तो यंत्रापेक्षा मराठीच्या शिक्षकाच्या हाती अधिक लागतो. मात्र तो धागाच आहे. चित्रावर दुसरा आवाज चढवता येतो आणि रत्नागिरीचा माणूस ठाण्यातही राहतो.

चित्रात एका दुकानाच्या पाटीचा अर्धा भाग आणि पाण्याबाहेर दिसणारे एक वळण होते. उपग्रह नकाशावर बाजारपेठेतली दोन वळणे तशी वाटली. रस्त्यावरून दिसणारी गूगलची चित्रे तेव्हा भारतात नव्हती, ती जुलै २०२२ मध्ये सुरू झाली. दोन वळणांतले नेमके कुठले, हे ठरेना. मग मी माणसांच्या साखळीने मागे गेलो. आमच्या वार्ताहराला ती फीत मेहुण्याकडून, मेहुण्याला ठाण्यातल्या मित्राकडून आली होती. ठाण्यातल्या गृहस्थांना फोन लावला. प्रत्येकाला मी एकच विचारतो, “तुम्ही स्वतः काढलात का?” ‘आमच्या ओळखीच्याने काढला’ हे उत्तर आले की पुढचा नंबर मागायचा. ते म्हणाले, “नाही हो, माझ्या भावाने काढला. सकाळी त्याने पाठवला, मग त्याचा फोनच लागत नाही. आमचीच झोप उडाली आहे.” चिपळुणातली वीज आणि फोनसेवा दोन्ही विस्कळीत होत्या. त्यांना धीर दिला, भावाचा नंबर घेतला आणि त्याच्याकडून काही कळले तर आम्हालाही कळवा, एवढे सांगितले. चित्रे मिळवण्यासाठी पुरात अडकलेल्याला बाहेर जायला सांगायचे नाही, हा आमच्याकडचा न लिहिलेला नियम आहे.

बाराला पान सोडायचे होते. फीत खरी असावी, असे माझे मन सांगत होते. तरी ती घेतली नाही. अशा वेळी ‘समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या चित्रफितीनुसार’ असे लिहून छापण्याची एक पळवाट असते. ती मला मान्य नाही. वाचक ‘फिरणाऱ्या’ हा शब्द विसरतो आणि चित्र लक्षात ठेवतो. शिवाय ‘असे समजते’ या दोन शब्दांत कुणाला समजते आणि कुणाकडून, हे कुठेच येत नाही. बाजारपेठेत पाणी असल्याचे जिल्हा प्रशासनाने सांगितले होते, तेवढे आम्ही त्यांच्या नावाने लिहिले आणि चित्राच्या जागी नकाशा लावला. सकाळी प्रतिस्पर्धी दैनिकात मगर होती, चार कॉलम.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठाण्याहून फोन आला, भाऊ सुखरूप होता. संध्याकाळी त्याने मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली. त्याआधीची दोन आणि नंतरची एक, अशा आणखी तीन फितीही पाठवल्या. त्यांत पाणी पायरीपायरीने चढताना दिसत होते, आणि एकीत ती पाटी पुरी वाचता येत होती. नोंद २२ जुलै, सकाळी ६ वाजून ४८ मिनिटांची होती. दुकानाच्या मालकाला आमच्या वार्ताहराने शोधून काढले. त्याने जागा ओळखली. चित्र २४ तारखेच्या अंकात पाचव्या पानावर दोन कॉलम आले. खालच्या ओळीत गल्लीचे नाव, तारीख, वेळ आणि ‘पहिल्या मजल्यावरून एका रहिवाशाने टिपलेले दृश्य’ एवढेच होते.