गाडी दाबोळीला, विमान मोपाहून

जानेवारी २०२३मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि गोव्यातल्या हॉटेलांना एक नवीच चूक करता येऊ लागली.

समजा, कळंगुटच्या हॉटेलातल्या पाहुण्यांचं विमान मोपाहून आहे. ड्युटी स्लिपवर नुसतं ‘एअरपोर्ट’ लिहिलेलं. ड्रायव्हर सवयीने दाबोळीला पोचतो. तिथून मोपा दीडेक तासावर, विमान चुकणारच.

अशा वेळी ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ हे वाक्य पाहुण्याला आणखी चिडवतं. चूक कोणाची, हेच त्यात नाही! त्यापेक्षा हे बरं: ‘आमच्या ड्रायव्हरने तुम्हाला चुकीच्या विमानतळावर नेलं. चूक आमची आहे, माफ करा. आज रात्री ८.४०च्या विमानात जागा आहे. तिकिटाचा फरक, जेवण आणि मोपापर्यंतची गाडी आमच्याकडे. चालेल का? तुम्ही हो म्हणताच बुकिंग करतो.’

परवानगी आधी, बुकिंग नंतर; पाहुण्याला कदाचित उद्या सकाळीच निघायचं असेल.

पण त्याहीआधी रिसेप्शनने विमान कंपनीला फोन करावा, तोही चेक-इन बंद होण्यापूर्वी. नंतर प्रवासी ‘नो-शो’ ठरतो आणि त्याच पीएनआरवरचं पुढचं तिकीटही बहुधा रद्द होतं. आणि स्लिपवर विमानतळाचा कोड लिहावा: दाबोळीचा GOI, मोपाचा GOX.