संध्याकाळी साडेसातलाच फ्रीजर का बसतो?

“दादा, फ्रीजरचा कॉम्प्रेसर जळाला म्हणून बदलला, आता नवाही तेच करतोय. दुपारी व्यवस्थित चालतो. संध्याकाळी मात्र नुसता घुं घुं करतो आणि टक् करून बंद पडतो. शेजारच्या प्लगमध्ये व्होल्टमीटर लावून आकडे लिहिलेत. ४ वाजता २२८. साडेसहाला २०८. साडेसातला फ्रीजर थांबलेला असताना १९८, सुरू व्हायला गेला की १७६. रात्री साडेदहाला २२२. आइस्क्रीम वितळतंय. कृपया सातनंतरच या.”

दुकानदाराने इलेक्ट्रिशियनला असा मेसेज पाठवला, तर निम्मं निदान तिथेच होतं.

आपल्याकडे सिंगल फेजचा व्होल्टेज २३० धरतात. संध्याकाळी घराघरांत दिवे, पंखे, मोटारी सुरू झाल्या की तो उतरतो. त्याचा फटका कॉम्प्रेसरला सर्वांत जास्त बसतो, कारण मोटरची सुरुवातीची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. १७६ व्होल्टला ती पुरत्या ताकदीच्या सुमारे ५९ टक्क्यांवर येते. गॅसचा दाब ढकलून फिरायला तेवढी ताकद पुरत नाही. मोटर जागच्या जागी अडते आणि नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. ती घुं घुं याचीच. तापल्यावर ओव्हरलोड प्रोटेक्टर टक् करून वीज तोडतो, थंड झाला की पुन्हा जोडतो. असं तासन्‌तास चाललं की वाइंडिंगचं इन्सुलेशन भाजून निघतं.

मेसेजमधली खरी किल्ली १९८ आणि १७६ या जोडीत आहे. सुरू होताना २२ व्होल्ट पडले, पण कुठे? इलेक्ट्रिशियनने त्याच क्षणी मेन स्विचवर मोजलं आणि तिथे २०० वरून फक्त १९७ झाले, तर लाइनमुळे ३ व्होल्टच गेले. उरलेला फरक दुकानाच्या आतला आहे: ढिला न्यूट्रल, जळकं सॉकेट किंवा लांबवर ओढलेली बारीक वायर. दुपारीही हा दोष असतोच. तेव्हा व्होल्टेज भरपूर असतो, म्हणून तो झाकला जातो. उलट मेनवरही २० व्होल्ट पडले असते, तर सर्व्हिस वायर किंवा खांबावरचा जोड तपासायला वीज कंपनीला सांगावं लागलं असतं. मेन स्विचवरचं मोजमाप इलेक्ट्रिशियननेच करावं. दुकानदाराने प्लगपुरतंच थांबावं.

इथे जोड घट्ट केले, सॉकेट बदललं आणि जाड वायर टाकली, की सुरू होतानाही १९२ च्या आसपास मिळतील. म्हणजे ताकद ७० टक्के. त्यानंतर स्टॅबिलायझर लावावा, तोही टाइम डिले असलेला. वीज येऊन-जाऊन करत असेल, तर तो कॉम्प्रेसरला साधारण तीन मिनिटं थांबवतो आणि गॅसचा दाब सम होऊ देतो. जोड तसाच ठेवून स्टॅबिलायझर बसवला, तर व्होल्टेज चढवण्यासाठी तो मागून जास्त करंट ओढेल आणि ढिला जोड आणखी तापेल. म्हणून आधी वायरिंग, मग स्टॅबिलायझर.