पैसे तीन वर्षांत सुटले, तरी तोटा

शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या मशीन शॉपमध्ये नवी मशीन घ्यायची चर्चा निघाली, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: पैसे किती वर्षांत सुटतील? यालाच परतफेड कालावधी म्हणतात.

समजा, कारखानदारापुढे 24 लाखांच्या दोन मशीन आहेत. एक एसपीएम, म्हणजे एकाच पार्टसाठी बनवलेली. तिच्यातून पाच वर्षांत अनुक्रमे 10, 8, 6, 2 आणि 2 लाख सुटतील, कारण तो पार्ट लागणारं गाडीचं मॉडेल जुनं होत जाईल. दुसरी व्हीएमसी. तिच्यावर कुठलंही काम चढवता येतं, पण ऑर्डरी हळूहळू जमतात: 5, 6, 8, 10 आणि 11 लाख. एसपीएमचे पैसे तीन वर्षांत सुटतात, व्हीएमसीला साडेतीन लागतात. म्हणून एसपीएम घेतली जाते.

इथेच घात होतो. पैसे सुटल्यानंतर मशीन काय कमावते, हे या हिशेबात येतच नाही. शिवाय पहिल्या वर्षीचा लाख आणि तिसऱ्या वर्षीचा लाख एकाच भावाने मोजला जातो, अडकलेल्या रकमेवर व्याज मात्र चालूच असतं. बँकेचं व्याज 12 टक्के धरलं, तर वर्षाने मिळणाऱ्या 112 रुपयांची आजची किंमत 100 रुपये. अशा आजच्या किमतीत एसपीएमची पाचही वर्षांची मिळकत सुमारे 22 लाख भरते, म्हणजे दोन लाखांचा तोटा. व्हीएमसीची साडेसत्तावीस लाख भरते.

सीए मंडळी दुसरं माप लावतात, लेखांकन परतावा दर. त्यात पाचही वर्षं धरली जातात, ही त्याची जमेची बाजू. व्हीएमसीची सरासरी मिळकत वर्षाला 8 लाख. त्यातून 4.8 लाख घसारा वजा केला (भंगाराची किंमत शून्य धरून), की नफा उरतो 3.2 लाख. तो पूर्ण 24 लाखांवर काढला तर परतावा 13.3 टक्के. सरासरी गुंतवणुकीवर, म्हणजे 12 लाखांवर काढला तर 26.7 टक्के. मशीन तीच, नफा तोच, आकडा दुप्पट! म्हणून कुणी टक्केवारी सांगितली, की ती कशावर काढली हे आधी विचारावं.

त्याहून मोठा दोष सरासरीतच आहे. व्हीएमसीची मिळकत उलट्या क्रमाने, आधी 11 आणि शेवटी 5 लाख, अशी आली तरी हा दर तसूभरही हलत नाही. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी 11 लाख हातात आले, तर कर्जाचे हप्ते सहज निघतात. 5 लाखच आले, तर ते दुसरीकडून भरावे लागतात.

त्यामुळे परतफेड कालावधी मी मोडीत काढणार नाही. खेळतं भांडवल तुटपुंजं असताना पैसा किती काळ अडकेल, हे तो चटकन सांगतो. पण निवड करायची ती पाचही वर्षांची मिळकत व्याजदराने आजच्या किमतीत आणून. एक्सेलमध्ये त्यासाठी NPV हे सूत्र तयार आहे. फक्त आज मोजायचे 24 लाख त्याच्या कंसात न घालता, बाहेर वजा करायचे.